गालाने कापलेला फोन

कॉलवर असताना माझ्यापेक्षा माझा गालच जास्त कामं उरकतो. मी मामेभावाला लग्नाची तारीख सांगत असतो आणि गाल तेवढ्यात म्यूट करून कॉल होल्डवर टाकतो, वर कॉन्फरन्समध्ये तिसऱ्याला घ्यायचीही तयारी करतो. याच्या उलट तऱ्हेचे फोनही असतात. बँकेची बाई "मराठीसाठी दोन दाबा" म्हणते आणि नेमका तेव्हाच स्क्रीन काळाठिक्कर. दोन दाबायचं कुठे? बाईही थांबत नाही, ती हिंदीकडे वळते.

कान जवळ आला की स्क्रीन बंद करायची आणि दूर गेला की उघडायची, हे काम फोनमधल्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचं. म्हणून या दोन्ही तक्रारींना लोक "सेन्सर गेला" म्हणतात, पण त्या एकमेकींच्या उलट आहेत. गाल बटणं दाबतो तेव्हा फोनला कान दिसलेलाच नसतो. स्क्रीन काळीच राहते तेव्हा त्याला नसलेला कान दिसत असतो.

जुन्या पद्धतीचं प्रॉक्सिमिटी सेन्सर इअरपीसशेजारी असतं. त्यातला छोटा दिवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि शेजारचा डायोड परत आलेला प्रकाश मोजतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आला की "जवळ", नाहीतर "दूर". अँड्रॉइडमध्ये ते अंतर सेंटिमीटरमध्ये मिळायला हवं, पण बरेच फोन ० आणि ५ एवढेच दोन आकडे सांगतात. म्हणजे मोजमाप कमी, हो-नाही जास्त.

काळे दाट केस इन्फ्रारेड प्रकाश बराचसा गिळतात, त्यामुळे केस कानावर ओढून बोलणाऱ्याला फोन "दूर" समजू शकतो. केसांचं तेल मात्र काचेवर बसलं की प्रकाश तिथूनच परतवतं आणि फोनला वाटतं, कान आला. एकच डोकं, दोन्ही बाजूंनी घोटाळा करणारं.

आता नेहमीचा प्रकार घेऊ. डिस्प्ले बदलला किंवा नवी टेम्पर्ड ग्लास लावली आणि त्या दिवसापासून कॉल लावताच स्क्रीन काळी. मालक म्हणतो, सॉफ्टवेअर अपडेटनं बिघडलं. मी म्हणतो, आधी तपासा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डायलरवर `*#0*#` दाबून सेन्सरचा भाग उघडा. शाओमीत `*#*#6484#*#*` दाबलं की चाचण्यांची यादी येते. इतरांनी सेन्सरचे आकडे दाखवणारं एखादं अॅप घ्यावं. फोन मोकळा धरा, मग वरच्या कडेवर तळवा आणा आणि काढा. तळवा नसतानाही "जवळ"च दाखवतोय? ग्लास काढा, वरची पट्टी कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि पुन्हा बघा. आता सुधारलं तर दोष ग्लासचा. सेन्सरच्या जागी काप नसलेली ग्लास असली की दिव्याचा प्रकाश काचेतल्या काचेत फिरून थेट डायोडवर पडतो.

ग्लास काढूनही तेच? मग दुकानदाराला रबराबद्दल विचारा. दिवा आणि डायोड यांच्यामध्ये आडोसा म्हणून रबराची बारीक चौकट असते. डिस्प्ले बदलताना ती जुन्या काचेला चिकटून जाते किंवा तिरकी बसते, मग दिव्याचा उजेड सरळ शेजाऱ्याच्या घरात. सेन्सर धडधाकट असतं, भिंत पडलेली असते. त्याला हार्डवेअरचा दोष म्हणायला हरकत नाही, पण नवीन सेन्सरचे पैसे मात्र देऊ नका. चौकट जागेवर असूनही तळव्यावर आकडा हलतच नसेल, तर सेन्सरला जोडणारी पातळ पट्टी, म्हणजे फ्लेक्स, किंवा खुद्द सेन्सर यांच्यावर संशय घ्यावा. फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे आपण टाकलेली अॅप बंद ठेवून, सुरू करूनही बघा. तिथे सगळं नीट चाललं, तर एखादं उपरं अॅप गुन्हेगार आहे.

उलट, चाचणीत आकडा व्यवस्थित बदलतो आणि गोंधळ एकाच कॉलिंग अॅपमध्ये होतो, तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. अॅप अपडेट करा, त्याच्या परवानग्या बघा.

सर्वांत वैतागाची जात म्हणजे ज्या फोनमध्ये असलं सेन्सर मुळातच नसतं. शाओमीच्या २०१६ च्या "मी मिक्स" या फोनमध्ये इअरपीसजवळचं सेन्सर काढून अल्ट्रासाऊंडने कान ओळखण्याची सोय केली होती. पुढे काही फोनांनी स्क्रीनचा स्पर्श आणि फोनची हालचाल पाहून अंदाज बांधायला सुरुवात केली. अंदाजच तो, चुकणारच. अशा फोनची ग्लास बदला, पुसा, फुंका, गाल आपली कामं करतच राहतो. अपडेटनं थोडं बरं होऊ शकतं, दुरुस्तीनं नाही, कारण बदलायला पार्टच नाही. विकत घेतानाच तपशिलाच्या यादीत "व्हर्च्युअल प्रॉक्सिमिटी" हे शब्द दिसतात का ते बघावं.

एक उलटा दिलासा: ओएलईडी स्क्रीनच्या काही फोनमध्ये कॉल सुरू असताना वरच्या बाजूला पांढरा ठिपका लुकलुकतो. लोक मेलेला पिक्सेल समजून रडतात. स्क्रीनखालच्या सेन्सरचा इन्फ्रारेड प्रकाश तिथल्या पिक्सेलना चाळवतो, एवढंच. त्याला दुकानात नेऊ नका.

तोवर बँकेच्या बाईसाठी इअरफोन लावा. कान मोकळा, फोन हातात, आणि बहुतेक फोनमध्ये स्क्रीनही चालू राहते. शिवाय अॅक्सेसिबिलिटीत पॉवर बटणाने कॉल संपवण्याची सोय चालू करून ठेवा, म्हणजे स्क्रीन काळी असली तरी फोन ठेवता येतो. फक्त आधी सासरच्यांना सांगा, नाहीतर चुकून बटण लागलं की पुढचा कॉल तिकडून येईल, आणि तो गालाने कापता येणार नाही.