‘दादा, फक्त उभं करून द्या’

परवा रात्री साडेअकरा वाजता नवरदेवाच्या बहिणीचा संदेश आला: ‘दादा, फिल्म खूपच छान झाली आहे. आता अंतरपाटाचा शॉट फक्त उभा करून द्या ना, रीलला टाकायचा आहे.’ त्या ‘फक्त’ या शब्दाने माझी झोप उडाली. अठरा वर्षे लग्ने टिपत आहे, आणि या व्यवसायात ‘फक्त’ने सुरू झालेले एकही काम दोन रात्रींच्या आत संपलेले मला आठवत नाही.

तो शॉट संपूर्ण फिल्ममधला माझा सर्वांत लाडका आहे. डावीकडे नवरदेव, उजवीकडे नवरी, दोघेही एका बाजूने दिसणारे, मुंडावळ्यांआडून समोरच्या कापडाकडे पाहणारे. मध्ये अंतरपाट, तो धरलेल्या गुरुजींची पाठ, आणि दोन्ही कडांना मामांचे फेटे. मंगलाष्टके चालू असताना त्या दोघांमध्ये जे अंतर असते, तोच त्या चौकटीचा विषय आहे, आणि ते अंतर दिसावे म्हणूनच मी पूर्ण फिल्म २.३९:१ या रुंद प्रमाणात बांधली होती. मूळ चित्रण ३८४० बाय २१६० चे. त्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या लावल्यावर उरलेल्या चित्राची उंची १६०७. नवरदेवाच्या चेहऱ्यापासून नवरीच्या चेहऱ्यापर्यंतचे अंतर मी चिडून संगणकावर मोजले, तर ते २४५० पिक्सेल भरले.

आता ९:१६ चा उभा तुकडा या चित्रातून कापायचा तर त्याची रुंदी किती मिळते? ९०४. म्हणजे एकूण रुंदीच्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी, जेमतेम साडेतेवीस टक्के. मधोमध कापले की गुरुजींची पाठ, त्यांचे उपरणे आणि अंतरपाटाची एक कड एवढेच हाती लागते. नवराही नाही आणि नवरीही नाही. लग्न गुरुजींच्या पाठीचे असते, तर ती चौकट उत्कृष्ट ठरली असती.

बरे, कापायचे नसेल तर अख्खे चित्र उभ्या पडद्यात बसवावे, असे कोणीही सुचवेल, आणि करवलीनेही ते सुचवलेच. १०८० रुंदीच्या उभ्या पडद्यावर २.३९ चे चित्र बसवले की त्याची उंची ४५२ होते, आणि १९२० पैकी ४५२ म्हणजे पुन्हा तेच साडेतेवीस टक्के. हा योगायोग नाही. दोन प्रमाणांचा भागाकार तोच असल्यामुळे, आडव्यातून उभे कापले तर चित्राचा पाऊण भाग जातो आणि उभ्यात आडवे बसवले तर पडद्याचा पाऊण भाग वाया जातो. त्या रिकाम्या जागेत त्याच चित्राची धूसर, फुगवलेली प्रत भरण्याची जी पद्धत आहे, तिचा मला मनापासून तिटकारा आहे. नवरीच्या डोक्यावर नवरीचाच धुक्यातला गाल पाहून कोणाला काय आनंद होतो, ते मला आजवर कळलेले नाही.

मग मी संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली आपोआप चौकट बदलून देणारी सोय वापरून पाहिली. ती चेहरे शोधते आणि कापण्याची खिडकी त्यांच्यामागे सरकवते. परंतु नवरा-नवरी एका बाजूने दिसत होते, त्यातून मुंडावळ्या लोंबत होत्या. उलट पलीकडे उभे असलेले एक काका थेट कॅमेऱ्याकडे पाहत, शांतपणे पान चघळत होते. सॉफ्टवेअरला त्या गर्दीत सर्वांत निःसंशय चेहरा त्यांचाच वाटला. ‘शुभमंगल सावधान’च्या सुरात चौकट हळुवारपणे काकांवर जाऊन स्थिरावली, आणि अक्षता पडेपर्यंत तिथून हलली नाही.

त्यानंतर हाताने कीफ्रेम, म्हणजे खिडकी कुठल्या क्षणी कुठे असावी याच्या खुणा, लावून नवरदेवाकडून नवरीकडे सरकण्याचा प्रयत्न केला. दोन सेकंदांत, म्हणजे पन्नास फ्रेममध्ये, २४५० पिक्सेल ओलांडायचे, तर दर फ्रेमला ती खिडकी आपल्या रुंदीच्या साधारण अठराव्या भागाएवढी उडी मारते, आणि मधल्या गुरुजींचे उपरणे पडद्यावर थरथरत जाते. जुने छायाचित्रकार सांगत आले आहेत की कॅमेरा फिरवताना एखाद्या वस्तूला चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद द्यावेत. त्या हिशेबाने मला एकोणीस सेकंद लागले असते, आणि रील होती तीस सेकंदांची. शिवाय असे कितीही सावकाश सरकवले तरी खरा कॅमेरा हलल्याचा भास होत नाही, कारण पुढच्या-मागच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत जागा बदलत नाहीत. पुठ्ठ्यावरचे चित्र कोणीतरी ओढत असल्यासारखे दिसते.

एव्हाना पहाटेचे दोन वाजले होते आणि जुनी दुखणीही विनाकारण वर आली होती. फिल्ममध्ये खालच्या पट्टीत सुबक अक्षरांत घातलेली गावांची नावे उभ्या रीलमध्ये नेमकी ॲपच्या मजकुराखाली गाडली जातात, आणि उजवीकडची अक्षरे हृदयाच्या बटणामागे. गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोन काढून ३:४ चे उभे आयत आणले, तेव्हा चौरसात बसवलेली माझी सगळी मुखपृष्ठे एका रात्रीत बावळट दिसू लागली. आणि नवरा-नवरी मंडपात येताना दोन्ही बाजूंनी वाटेत हात लांब करून उभे फोन धरणारी मंडळी, ज्यांची मनगटे माझ्या प्रत्येक रुंद चौकटीच्या दोन्ही कडांना कायमची वस्तीला आलेली असतात, त्यांच्याबद्दल मी इथे बोलणार नाही, कारण मग लेख संपणार नाही.

परंतु खरी चपराक पुढेच होती. काळ्या पट्ट्यांच्या मागे मूळ चित्रण शिल्लक आहे, हे मला आठवले. पट्ट्या काढल्या की उंची १६०७ ऐवजी पूर्ण २१६० मिळते, त्यामुळे उभ्या तुकड्याची रुंदीही ९०४ वरून १२१५ होते आणि चित्र फुगवावेही लागत नाही. २४५० च्या अंतराला तेही अपुरे होते, पण निदान एकटा नवरदेव तरी मोकळ्या चौकटीत घेता आला असता. मोठ्या आशेने पट्ट्या काढल्या. वर दिव्याचा स्टँड आणि त्याला सुतळीने बांधलेली वायर होती. खाली पाण्याचा स्टीलचा पिंप, एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणि खुर्चीवर माझी स्वतःची कॅमेऱ्याची पिशवी. हे सगळे तिथे कोणी ठेवले? मीच. ‘पट्टीत जाईल’ असे म्हणून मी दिवसभर प्रत्येक शॉटमध्ये वर-खाली पसारा मांडून ठेवला होता.

आणि ती पट्टी तरी कशासाठी होती, हा प्रश्न पहाटे अडीच वाजता स्वतःला विचारण्यासारखा नाही, पण मी विचारला. १९५३ साली रुंद पडद्याचे सिनेमास्कोप आले ते घरोघरच्या दूरचित्रवाणीला उत्तर म्हणून. ज्या चित्रपटगृहात पडद्याची उंची कायम असते, तिथे रुंद प्रमाण म्हणजे कडेचे पडदे आणखी उघडतात आणि चित्र खरोखर मोठे होते. घरातल्या १६:९ च्या टीव्हीवर मात्र तेच प्रमाण चित्राची उंची एक-चतुर्थांशाने कमी करते. म्हणजे जी फिल्म कधीच चित्रपटगृहात लागणार नव्हती, जी दिवाणखान्यात एकदा आणि नंतर फोनवरच पाहिली जाणार होती, तिच्या चित्राचा पाव हिस्सा मी ‘सिनेमासारखे’ दिसावे म्हणून काळ्या रंगाला दान केला. कॅमेऱ्याच्या मॉनिटरवर ९:१६ च्या मार्गदर्शक रेषा दाखवण्याची सोयही आहे. त्या दोन उभ्या रेषा माझ्या रचनेचा अपमान करतात म्हणून मी मागच्याच वर्षी बंद करून टाकल्या होत्या.

करवलीने लग्नाच्याच संध्याकाळी टाकलेली स्वतःची रील मी तेव्हा तुच्छतेने पाहिली होती. आता पुन्हा उघडली. ती नवरदेवाच्या मागे, मामांच्या शेजारी उभी होती आणि तिने फोन डोक्याच्या वर धरला होता. खाली नवरदेवाचा फेटा आणि खांदा, त्याच्या पुढे अंतरपाटाची वरची कड, आणि कापडाच्या वर फक्त नवरीची मुंडावळ आणि कपाळ. अंतरपाट सरकला आणि त्या एकाच चौकटीत खालून वर सगळे लग्न उलगडले. जे अंतर मी डावीकडून उजवीकडे पसरवले होते, ते तिने जवळून दूर असे रचले होते, आणि उभ्या चौकटीत माणसे बसतात ती अशीच, एकामागे एक. मला उभी रील हवी असल्याचे आधी कळले असते तर मी दुसरा कॅमेरा नव्वद अंशांत वळवून नेमका तिथेच लावला असता, असे मी स्वतःला सांगितले. मग आठवले की तिने साखरपुड्याच्या दिवशी विचारले होते, ‘दादा, रीलपण द्याल ना?’, आणि मी म्हणालो होतो, ‘ते काय, नंतर काढून देऊ.’

शेवटी तोडगा निघाला तो आकडेमोडीतूनच. उभा पडदा मधोमध आडवा दुभागला की १०८० बाय ९६० चे दोन तुकडे होतात. त्या प्रमाणाचा तुकडा माझ्या १६०७ उंचीच्या चित्रातून कापला तर त्याची रुंदी १८०८ येते, आणि असे दोन तुकडे म्हणजे ३६१६. अख्ख्या ३८४० पैकी मधले फक्त २२४ पिक्सेल गेले, तेही गुरुजींच्या पाठीतून. डावा अर्धा वर, उजवा अर्धा खाली, आणि दोघांमधली सांधरेषा हाच अंतरपाट. अक्षता पडताच ती रेषा नाहीशी केली आणि पुढचा, दोघे एकत्र असलेला जवळचा शॉट पूर्ण पडद्यावर लावला. पहाटे साडेचारला पाठवून दिले आणि झोपलो.

सकाळी नऊ वाजता नवरीच्या मामांचा फोन आला. आवाज शांत होता. ‘साहेब, काम चांगलं झालंय, पण आमची मुलगी खाली का?’

अर्धे वर-खाली केले, पुन्हा पाठवले. दुपारी नवरदेवाच्या काकांचा फोन आला. पान चघळत असावेत. आता माझ्या हार्ड डिस्कवर दोन फाइली आहेत, एक मुलीकडच्यांना पाठवायची आणि एक मुलाकडच्यांना. नवरी वर असलेलीचे नाव `vadhu_var.mp4` आणि नवरदेव वर असलेलीचे `var_var.mp4`.