ऑफर दिली, पोरानं स्वीकारली, राजीनामा टाकला, अन मग कंपनी म्हणती ‘रिग्रेट’

आधीच सांगतो, मी वाळूजला एका कंपनीत एचआरला आहे, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूचा माणूस. तरी हे लिहायलोय, कारण ऑफर लेटर देऊन, कॅंडिडेटनं लेखी स्वीकारून, त्यानं चालू नोकरीचा राजीनामा दिल्यावर दोन ओळींचा मेल टाकून ऑफर मागे घ्यायची अन कारण विचारलं तर ‘इंटर्नल डिसिजन’ म्हणायचं हे मला पटत नाही. पद रद्द होऊ शकतं, मान्य. पण कारण सांगायला काय पैसे पडतात का?

अन दुसरं मत असं की अशा वेळी पोरं जे दोन प्रकारचे मेल लिहितात ते दोन्ही वाया जातात. एक म्हणजे ‘कोर्टात भेटू, लिंक्डइनवर टाकतो’. हा मेल आला की एचआर तो लीगलला फॉरवर्ड करतो अन लीगलवाला सांगतो की आता काही उत्तर देऊ नका, विषय संपला. दुसरा म्हणजे ‘प्लीज मॅडम, घरची परिस्थिती नाजूक आहे’. तो वाचून वाईट वाटतं, खरंच वाटतं, पण त्याच्यात उत्तर देण्यासारखं काही विचारलेलंच नसतं, मग ‘ऑल द बेस्ट’ पाठवून मोकळं होतात. ज्या मेलमधे तारखा सरळ मांडलेल्या असतात अन एक नेमका प्रश्न असतो, तोच मेल एचआरला मॅनेजरकडं न्यावा लागतो, कारण उत्तर एचआरकडं नसतं.

माझ्या भाच्याचं सांगतो, त्याला विचारूनच लिहायलोय. पोरगा परभणीकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा, वाळूजला क्वालिटीत आहे. पुण्याकडच्या एका कंपनीची ऑफर 12 तारखेला आली, 14 ला यानं सही करून पाठवली, तिकडून ‘वेलकम’ असा मेलही आला, त्या भरवशावर 15 ला राजीनामा. नोटीस 30 दिवसांची, म्हणजे शेवटचा दिवस पुढच्या महिन्याची 14 अन जॉइनिंग 17 ला. मधेच 3 तारखेला, शुक्रवारी, दुपारी फोन अन संध्याकाळी मेल, ऑफर मागे घेण्यात येत आहे म्हणून. घरी रडारड, अक्काला नोकरीपेक्षा जास्त टेन्शन हे की पाहुण्यांना पुण्याची नोकरी म्हणून सांगून बसलोत, आता काय सांगू.

भाच्यानं रागाच्या भरात मेल टाईप करून मला दाखवला, मामा बघा बरं कसा झालाय म्हणून. मी म्हणलं हा ड्राफ्टमधेच राहू दे. आधी ऑफर लेटर डाऊनलोड कर, कारण त्यांच्या पोर्टलची लिंक कधी बंद होईल नेम नाही, ‘वेलकम’चा मेल अन एचआरच्या व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट बाजूला ठेव, मग लिही. मेल गेला इंग्रजीत, मराठीत सांगायचं तर असा होता:

‘नमस्कार मॅडम, आजचा फोन आणि संध्याकाळचा मेल मिळाला. 12 तारखेला मिळालेली ऑफर मी 14 ला लेखी स्वीकारली, आपल्याकडून त्याचं कन्फर्मेशन आलं, आणि त्यावर विसंबून 15 ला मी सध्याच्या कंपनीत राजीनामा दिला. माझा तिथला शेवटचा दिवस येत्या 14 तारखेला आहे. हा निर्णय पद रद्द झाल्यामुळे घेतला आहे, की माझ्या कागदपत्रांत किंवा व्हेरिफिकेशनमधे काही आढळल्यामुळे, हे कृपया लेखी कळवावं. व्हेरिफिकेशनचा विषय असेल तर नेमका मुद्दा सांगावा, मी लगेच कागदपत्रं देतो. पद रद्द झालं असेल तर जॉइनिंगची तारीख पुढे नेणं किंवा दुसऱ्या विभागात जागा शक्य आहे का, आणि माझ्या होणाऱ्या नुकसानीबद्दल कंपनीत कोणाशी बोलावं, हे सांगावं. बुधवारपर्यंत उत्तर मिळालं तर मला सध्याच्या कंपनीशी वेळेत बोलता येईल. तोपर्यंत मी हा निर्णय मान्य केला आहे असं कृपया धरू नये.’

एवढंच. यात कलम नाही, धमकी नाही, अन रडगाणंही नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं, कारण पोरं भिडस्तपणानं ‘इट्स ओके, नो प्रॉब्लेम’ लिहून बसतात अन पुढं काही मागायचं म्हणलं की तोच मेल तोंडावर येतो. बुधवारची तारीखही उगाच नाही, तिच्यामागं कारण दिलंय, त्यामुळं ती मुदत वाटते, धमकी वाटत नाही. अन पद की व्हेरिफिकेशन, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पद गेलं असंल तर तुमच्या हातात फारसं काही नाही, पण तुमच्या नावावर काही खोट निघाली असंल तर ती पुढच्या कंपनीतही निघणार, अन तुम्हाला पत्ताच नसणार.

कायद्याचं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 5 प्रमाणं प्रस्ताव हा स्वीकृती पूर्ण व्हायच्या आधी मागे घेता येतो, नंतर नाही, अन कलम 73 खाली करार मोडल्यानं झालेलं नुकसान मागता येतं. पण मामला तेवढा सोपा नाही. ऑफर लेटर नीट वाचलं तर बहुतेक वेळा ‘व्हेरिफिकेशन समाधानकारक झाल्यास’ अशी अट असतीच, अन कुठं कुठं कधीही मागे घेऊ असंही लिहिलेलं असतं. शिवाय खासगी कंपनीला ‘याला कामावर घ्याच’ असं कोर्ट साधारणपणे सांगत नाही, फार तर भरपाई, अन त्यातही तुम्ही दुसरी नोकरी शोधायचा प्रयत्न केला का हे बघतात. म्हणून पहिल्याच मेलमधे कलमं टाकू नका. वकिलाची नोटीस नंतरही देता येती, पण ती दिल्यावर एचआर मोकळेपणानं बोलत नाही.

मेल गेल्यावर त्याच रात्री दुसरं काम केलं, सध्याच्या कंपनीत राजीनामा मागे घेत असल्याचा लेखी अर्ज. हे थांबून करायचं नसतं, पुण्याच्या उत्तराची वाट बघत 14 तारीख उलटली असती तर मागे घ्यायला राजीनामाच उरला नसता. इथं एक लक्षात ठेवा, शेवटच्या दिवसाआधी राजीनामा मागे घेता येतो असं लोक सर्रास सांगतात, पण खासगी कंपनीत तुमच्या नियुक्तीपत्रात काय लिहिलंय अन राजीनामा मंजूर करून बदली माणूस घेतलाय का, याच्यावर बरंच अवलंबून असतं. याच्या जागी अजून कोणी आलेलं नव्हतं, सुपरवायझर बरा माणूस, काम झालं.

मंगळवारी पुण्याहून उत्तर आलं. पद रद्द बिद्द काही नव्हतं. व्हेरिफिकेशनच्या रिपोर्टमधे दोन गोष्टी होत्या, एक कंपनी ‘व्हेरिफाय होत नाही’, अन दोन ठिकाणच्या नोकऱ्या एकमेकीवर चढलेल्या दिसतात, म्हणजे एकाच वेळी दोनीकडं कामाला.

आता हे वाळूज-चिकलठाण्याच्या पोरांनी नीट वाचा, कारण हे तुमच्यातल्या निम्म्यांच्या बाबतीत होऊ शकतं. भाचा पहिली दोन वर्षं एका मोठ्या प्लांटमधे होता पण कंत्राटदाराच्या रोलवर. बायोडेटात लिहिलं प्लांटचं नाव, अन पीएफ भरला जायचा कंत्राटदाराच्या नावानं. व्हेरिफिकेशनवाल्यानं प्लांटला विचारलं, त्यांच्या रेकॉर्डला नावच नाही. यूएएनची सर्व्हिस हिस्टरी काढली तर तिथं कंत्राटदार, अन त्यानं पोरानं काम सोडल्यावर सोडल्याची तारीख टाकलीच नव्हती, त्यामुळं ती नोकरी कागदावर अजून चालूच होती अन तिच्यावर नंतरची नोकरी. पोरानं काही लपवलेलं नव्हतं, पण रिपोर्टमधे ते खोटारडेपणासारखंच दिसतं.

दुरुस्ती अवघड नव्हती. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर `Manage` मधे `Mark Exit` असतं, जुन्या मालकानं तारीख टाकली नसंल तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती आपली आपल्याला टाकता येती, आधारच्या ओटीपीवर. तारीख मात्र पासबुक समोर ठेवून टाका, शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली, कारण चुकीची टाकली तर नंतर बदलून घ्यायला लई हेलपाटे. मग पासबुक, त्या काळातल्या बँक स्टेटमेंटमधे कंत्राटदाराकडून आलेला पगार, अन प्लांटचा जुना गेटपास ज्याच्यावर कंत्राटदाराचं नाव छापलेलं होतं, हे सगळं जोडून भाच्यानं दुसरा मेल केला. त्यातही ‘मी म्हणलं नव्हतं का’ असा सूर नाही, फक्त एवढंच की बायोडेटात प्लांटचं नाव लिहिलंय, रोल कंत्राटदाराचा होता, सोबत पुरावे, रिपोर्ट पुन्हा तपासावा. (कंत्राटदारानं एका पत्रासाठी पोराला चार चकरा मारायला लावल्या अन पत्र दिलंच नाही, गेटपासनंच काम भागवलं. कामून हे लोक असं करतात देव जाणे.)

आठवडाभरानं पुण्याचा फोन आला, क्लिअर झालंय, पुढच्या महिन्यात जॉइन करा, राजीनामा टाकून द्या. यावेळी भाच्यानं मला न विचारताच मेल केला, की धन्यवाद, नवीन तारखेचं ऑफर लेटर अन व्हेरिफिकेशन पूर्ण झाल्याचं लेखी आलं की त्याच दिवशी राजीनामा देतो, अन माझी नोटीस 30 दिवसांची असल्यानं जॉइनिंगची तारीख तिथून पुढं धरावी. त्यांना ते आवडलं नसावं, कारण दोन दिवस गप्प होते. काल लेटर आलं, व्हेरिफिकेशन पूर्ण झाल्याची ओळ त्यात आहे. आज सकाळी यानं राजीनामा दिला.