तात्यांचा आंबा आणि मी दिलेला शब्द

माझे काका, तात्या, मरायच्या आधी त्यांना मी शब्द दिला होता: बांधावरचा आंबा राखेन, तोडू देणार नाही. हे ऐकून एकजण मला म्हणाले:

«तुमचे तात्या गेले. आंबा उभा आहे की तोडला, त्यांना काय कळणार? जो माणूसच नाही त्याचं नुकसान कसं होईल? मरताना त्यांना समाधान मिळालं, तिथंच शब्दाचं काम संपलं. उगाच स्वतःला बांधून घेताय.»

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसही असंच म्हणायचा: आपण आहोत तोवर मरण नाही, मरण आलं की आपण नाही. मला पटलेलं उत्तर जॉर्ज पिचर या तत्त्वज्ञानं १९८४ साली दिलं. नुकसान राखेचं होत नाही. ते होतं मिरजेच्या दवाखान्यात माझा हात धरून बोलणाऱ्या, जित्याजागत्या तात्यांचं.

आजची कृती कालच्या माणसापर्यंत पोचते कशी? आमच्या वाडीतले एकजण पहिलं नातवंड व्हायच्या दोन महिने आधी गेले. बाळ झाल्यावर सगळे म्हणाले, "आजोबा झाले, पण बघायला राहिले नाहीत." काळ मागं फिरला नाही, तरी त्या गेलेल्या माणसाबद्दल एक गोष्ट खरी ठरली. मी आंब्याचं झाड लाकडासाठी विकलं, तर तात्या ज्या पुतणीवर विसंबून गेले ती विसंबण्याजोगी नव्हती, हे तसंच खरं ठरतं. ते तेव्हाही खरंच होतं, उघड मात्र आज झालं.

समाधानाचं म्हणाल, तर त्यासाठी खोटं बोललेलंही चाललं असतं. तात्यांनी मात्र दोनदा विचारलं, "नक्की ना?" त्यांना झाड हवं होतं, धीर नव्हे.

खरी अडचण वेगळीच आहे. शब्दातून मोकळं करायचा हक्क ज्याला शब्द दिला त्याचा, आणि तोच आता नाही. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी बुंध्याशी कितीतरी दिवस साचून राहिलं. पुढं बुंध्यावर अळंबी आली. कुऱ्हाडीचा दांडा मारला की पोकळ आवाज येतो. एक फांदी शेजाऱ्यांच्या गोठ्यावर झुकली होती. तात्या असते तर एका शब्दात म्हणाले असते, "काढ गं, जनावरं दगावतील." म्हणून ती फांदी मी उतरवली.

पण "ते असं म्हणाले असते" हे वाक्य फार सोयीचं असतं, त्याची मला भीती वाटते. लाकूडवाला चांगला भाव देत होता, तेव्हाही ते मला सुचलंच. तेव्हा मी एकच पाहिलं: तात्यांनी झाड का राखायला सांगितलं? "आईनं कोय लावलीय," एवढंच ते म्हणाले होते. भाव वाढला म्हणून ते कारण संपत नाही. गोठ्याचा धोका मात्र त्या कारणाच्या आड येत नव्हता. फांदी गेली तरी आजीचं झाड राहत होतं.

झाड आणखी किती पावसाळे काढेल, सांगता येत नाही. म्हणून गेल्या पावसात त्याच्या शेंड्याच्या काड्या घेऊन कोय कलमं बांधली. पाचातली दोन जगली. एक त्याच बांधावर, जुन्या बुंध्यापासून वीस पावलांवर लावलंय.