कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळत नाही

पुण्यात एका हॉलमध्ये मी गेली बारा वर्षं बॅडमिंटन शिकवते. आमची मोठ्यांची बॅच पहाटे साडेपाचला सुरू होते, सातला संपते. मग सगळे घरी, तिथून ऑफिसात. हॉलला खिडक्या नाहीत, कारण वाऱ्याने शटल हलतं. म्हणजे आठवड्याला नऊ-दहा तास घाम गाळणारी ही माणसं सूर्य बघतात तो गाडीच्या काचेतून. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्ही-बी किरण काच अडवते.

यंदा जानेवारीत बॅचमधल्या 24 वर्षांच्या एका मुलीच्या नडग्या दुखायला लागल्या. शूज बदलले, बर्फ लावला, आठवडाभर विश्रांती दिली, तरी जिना उतरताना कळ येई. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. रक्तातली ड ची पातळी, म्हणजे 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, तपासली तर मिलिलिटरला 9 नॅनोग्रॅम आली. 20 च्या खाली म्हणजे कमतरता.

तिची आई मला म्हणाली, "अहो मॅडम, रोज सकाळी घरी आल्यावर गच्चीवर कोवळ्या उन्हात बसते ती!" हा समज घराघरांत आहे आणि मला तो मोडायचाच आहे. सकाळी सूर्य खाली असतो, त्याचे किरण तिरपे येतात आणि वातावरणाच्या जास्त जाड थरातून येताना यूव्ही-बी जवळपास गळून जातात. कोवळं ऊन अंगाला छान वाटतं, झोपेचं चक्रही सुधारतं, पण ड साठी ते फारसं कामाचं नाही.

खूण सोपी आहे, आपली सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये ही वेळ सकाळी साडेनऊच्या सुमारासच सुरू होते, म्हणून रणरणत्या दुपारी बाहेर पडायची गरज नाही. डिसेंबरच्या शेवटी मात्र ती साधारण साडेअकरा ते दीड एवढीच उरते. हात आणि पाय उघडे ठेवून वीस मिनिटं ते अर्धा तास, आठवड्यातून तीन-चारदा. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. पण कातडी लाल होईपर्यंत बसू नका. काही वेळानंतर त्वचेतली निर्मिती आपोआप थांबते, पुढे फक्त भाजणं उरतं.

जेवणाचा हिशोब तिच्यासोबत बसून केला. ड आययू या मापात मोजतात, प्रौढांना रोज 600 आययू लागतात. एका अंड्याच्या बलकात साधारण 40, म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागवायचं तर रोज पंधरा! ती शाकाहारी. ड घातलेल्या दुधात लिटरला 200 ते 300 असतात, म्हणजे अर्धा लिटर प्यायली तरी शे-दीडशे. असं दूध ओळखायचं तर पिशवीवर अधिकचं चिन्ह आणि एफ अक्षर असलेली निळी खूण बघा. बांगडा, तारली खाणाऱ्यांचं थोडं बरं, त्यात चांगल्यापैकी असतं. पण 9 वरून वर यायला जेवण पुरत नाही.

तिला डॉक्टरांनी 60,000 आययूची पुडी दिली, आठवड्यातून एक, आठ आठवडे. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, म्हणून ती रविवारच्या जेवणानंतर दुधातून घ्यायची. पातळी सावकाश चढते, म्हणून तपासणी तीन महिन्यांनी. तेव्हा आकडा 33 आला. आता महिन्याला एक पुडी. नडग्यांचं दुखणंही थांबलं. पण त्या काळात मी तिच्या उड्या आणि लंजेस निम्मे केले होते, त्यामुळे सगळं श्रेय पुडीला देणार नाही. आणि ज्याची पातळी मुळात चांगली आहे त्याला वरून ड घेऊन ताकद वाढत नाही, हे जिममधल्या मुलांनी नीट ऐकावं.

खरी काळजी पुढची आहे. तिचं ऐकून बॅचमधल्या एका काकांनी दुकानातून स्वतःच पुड्या आणल्या आणि आठवड्याची पुडी रोज घेतली. दहा दिवसांत 6 लाख! नशीब, बोलता बोलता माझ्या कानावर आलं. जास्तीचं ड चरबीत साठून राहतं. त्याने रक्तात कॅल्शियम वाढलं की खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ सुरू होते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. पुड्या बंद, कॅल्शियम आणि क्रिएटिनिनची तपासणी. दोन्ही ठीक निघाली.

ज्यांना तपासणी न करता रोज काही घ्यायचंच आहे, त्यांच्यासाठी 600 ते 1000 आययूची छोटी गोळी असते. पाकिटावर मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर 25 म्हणजे 1000 आययू. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज 4000 च्या वर जायचं नाही. मूतखडा होऊन गेला असेल तर आधी विचारूनच घ्या.

या रविवारपासून फूटवर्कचा सराव मी हॉलबाहेर, पार्किंगच्या मोकळ्या जागेत ठेवलाय. वेळ सकाळी दहा. हाफ पँट घालून या, पाण्याची बाटली आणा.