नवरात्रात दात कधी घासायचे?

"डॉक्टर, दिवसातून चारदा घासते, तरी तोंडाला वास येतोच." नवरात्रात हे वाक्य मला हमखास ऐकू येतं. माझं मत विचाराल तर चारदा घासण्यानेच जास्त नुकसान होतं, कारण वेळ चुकते.

आधी वासाचं बघू. चावणं कमी झालं की लाळ कमी सुटते, पाणीही कमी प्यायलं जातं, आणि जिभेच्या मागच्या भागावर पांढरट थर बसतो. त्यातले जंतू गंधकाचे वायू सोडतात. चमच्याने जीभ मागून पुढे हलकेच खरवडा आणि चमच्याचा वास घ्या. तो घाण असेल तर दिवसातून एकदा जीभ साफ करा. चमचा स्वच्छ, पण श्वासालाच नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येत असेल, तर शरीर चरबी जाळतंय. तो वास घासून जात नाही, पोटात अन्न गेलं की जातो. (मधुमेह असेल आणि सोबत मळमळ, उलट्या असतील तर उपवास सोडून तडक डॉक्टर गाठा. देवी रागावत नाही.)

आता नऊ दिवस उपवास करणाऱ्या एका ताईंचा दिवस सांगते. सकाळी चहा, मग दुपारपर्यंत घोट घोट लिंबू सरबत, दोनला साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी खजूर नाहीतर चिक्की, रात्री आरतीनंतर दूध पिऊन झोप. तोंड आंबट झालं म्हणून प्रत्येक सरबतानंतर ब्रश, आणि रात्री मात्र नाही! अष्टमीपर्यंत थंड पाणी दातांना झोंबायला लागलं.

लिंबाच्या आंबटपणाने दाताचं वरचं कवच काही वेळ मऊ पडतं. लाळ ते हळूहळू सावरते, पण उपवासात लाळच कमी. अशा वेळी ब्रश चालवला की कवच झिजतं. म्हणून त्यांना सरबत फराळासोबत एकदाच घ्यायला सांगितलं. नंतर साध्या पाण्याची चूळ, आणि ब्रश किमान अर्ध्या तासाने. पित्ताची उलटी झाली तरी हाच नियम. फक्त चूळ ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून भरायची.

रात्रीचा ब्रश मात्र दुधानंतर, झोपायच्या आधी. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे दातांत अडकलेली चिक्की रात्रभर जंतूंना खाऊ पुरवते. फ्लोराइडची पेस्ट लावा, फेस थुंका, वर चूळ भरू नका.

व्रतात पेस्ट चालत नसेल तर ओला ब्रश फिरवा. फ्लोराइड मिळणार नाही, पण थर निघतो. तोंड कोरडं पडलं म्हणून अल्कोहोलवाला माउथवॉश वापरू नका, त्याने ते आणखी कोरडं पडतं. आणि पूर्ण निर्जळी असेल, चूळही नको असेल, तर व्रत धरण्याआधीच्या खाण्यानंतर नीट ब्रश करा. सोडताना आधी पाणी प्या, लिंबू सरबत नंतर.