शेवेच्या डब्यावरची तारीख

*"छोट्या सवयींवरचा लेख वाचला, पटला नाही. असल्या चमचाभर युक्त्यांनी काही होत नसतं, निश्चय पक्का पाहिजे. वय ५६, साखरेची एचबीए१सी तपासणी ६.१ आली आहे. मोबाइलवर कॅलरी लिहायला घेतल्या, अकराव्या दिवशी सुटलं. संध्याकाळची शेव पूर्ण बंद केली, नवव्या दिवशी परत सुरू. एकवीस दिवस निघाले असते तर सवय लागली असती. मीच कमी पडलो." — सुदामानगर, इंदूरहून एक वाचक*

नमस्कार काका,

आधी त्या एकवीस दिवसांचं बोलू, कारण त्यापायी तुम्ही स्वतःला उगीच दोष देताय. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं, की रुग्णांना आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस जातात. पुढे लोकांनी ते 'किमान' गाळलं आणि हा आकडा सगळ्याच सवयींना चिकटवला. सवयींचं खरोखर मोजमाप लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. ९६ जणांनी खाण्यापिण्यातली किंवा व्यायामाची एकेक छोटी गोष्ट रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडली आणि बारा आठवडे तिची नोंद ठेवली. ती गोष्ट आपोआप होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ निघाला. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला तर त्याने फरक पडला नाही. म्हणजे नवव्या दिवशी तुमची सवय मोडली असं म्हणता येत नाही, ती अजून लागायचीच होती.

दुसरं असं, की 'बंद' ही सवय होऊच शकत नाही. सवय म्हणजे एखादा प्रसंग आला की हात आपोआप करतो ती कृती. 'शेव खायची नाही' यात हाताला करायला काहीच नाही. सहा वाजता चहा येतो, डबा टेबलावर असतो, आणि नकार रोज नव्याने द्यावा लागतो. ज्यांना आपण मनाचे पक्के म्हणतो त्यांच्या दिवसात मोहाचे प्रसंगच कमी येतात, असं अभ्यासातही दिसलं आहे. मुळात त्यांच्या टेबलावर डबा नसतो.

तेव्हा डब्यापासूनच सुरुवात करू. पुढचे पाच दिवस काही बदलू नका. फक्त डबा भराल तेव्हा झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून पेनाने तारीख घाला. डबा संपला की दुसरी तारीख. समजा घरात तिघं आहात आणि अर्धा किलो शेव पाच दिवसांत संपली. दिवसाला १०० ग्रॅम, माणशी साधारण ३३ ग्रॅम. शंभर ग्रॅम शेवेत ५५० च्या आसपास कॅलरी धरा, म्हणजे माणशी १८० झाल्या. डब्यातून हाताने खाताना हे कळत नाही. वाटीचा तळ दिसतो, डब्याचा दिसत नाही.

आता कृती. चहाचं आधण गॅसवर चढलं की तीन वाट्या घ्यायच्या, प्रत्येकीत मोजून शेव काढायची, झाकण लावून डबा वरच्या फळीवर ठेवायचा आणि मगच चहा गाळायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण कप हातात घेऊन बसल्यावर कुणी उठत नाही. चहा काकू करत असतील तर आधणाची खूण तुमच्या कामाची नाही. खूण नेहमी आपल्याच हातची असावी लागते. मग तुम्ही कपबशा मांडायचं काम घ्या आणि वाट्या त्याला जोडा. 'संध्याकाळी कमी खाईन' असं ठरवलेलं टिकत नाही, कारण संध्याकाळ नेमकी कुठल्या क्षणी सुरू झाली हे हाताला कळत नाही.

किती चमचे, ते एकदा काट्यावर ठरवा. बारीक शेव आणि जाड लौंग शेव एका चमच्यात सारखी मावत नाही. माणशी १५ ग्रॅम भरतील तेवढे चमचे पक्के करा. आणखी हवी वाटली तर मनाई नाही, फक्त उठून फळीवरून डबा काढायचा. पुष्कळदा ते उठणंच होत नाही.

नोंद म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात एक बरोबरची खूण. वाट्या काढल्या की खूण, बस. किती खाल्लं, वजन किती, काही लिहायचं नाही. पेन्सिल दोरीने तिथेच टांगा. शोधावी लागली की नोंद 'नंतर करू' म्हणून राहते. तुमचा मोबाइल अकराव्या दिवशी सुटला त्याचं कारणही हेच आहे. घरच्या जेवणात कॅलरी लिहायच्या म्हणजे दर ताटाला सात-आठ अंदाज. भाजीच्या फोडणीत तेल एक चमचा पडलं की दोन, हे ताटावर बसलेल्याला माहीत नसतं, आणि पाच ग्रॅमच्या चमच्यामागे ४५ कॅलरींची चूक होते. एवढी मेहनत करून आकडा भरवशाचा नाही, तर कोण चालू ठेवील?

कॅलेंडर आणि डब्यावरची तारीख या दोन नोंदी एकमेकींना तपासतात, आणि मला या पद्धतीत सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. माणशी १५ म्हणजे तिघांना ४५ ग्रॅम, तेव्हा अर्धा किलो अकरा दिवस पुरायला हवी. खुणा रोजच्या आहेत आणि डबा मात्र सहाव्या दिवशी रिकामा, असं झालं तर शेव दुसऱ्या वाटेने जाते आहे. इंदूरच्या घरात ती वाट बहुधा सकाळच्या पोह्यांची असते, कारण तिथे डबा थेट ताटलीवर उलटा होतो. जेवताना वरणावर पडणारी शेवही बघा. सापडलं तरी लगेच दुसरा नियम करू नका. तो डबा वेगळा करा, त्यावरही तारीख घाला, एवढंच.

रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गेलात तर? जा. खूण संध्याकाळच्या चहाची आहे, रात्री अकराच्या गराडूची नाही. पाहुणे आले आणि चौकोन रिकामा राहिला तरी तो रिकामाच ठेवा, मागाहून भरू नका. लागोपाठ तीन रिकामे दिसले तर मात्र कारण शोधा. बहुतेक वेळा चहाची वेळ बदललेली असते, किंवा डबा पुन्हा टेबलावर मुक्कामाला आलेला असतो.

याने काय होणार नाही तेही सांगतो. माणशी ऐंशी-शंभर कॅलरी कमी झाल्याने ६.१ चे ५.६ होतील असा शब्द मी देणार नाही. ती तपासणी रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून आजच्या वाटीचा निकाल तिच्यात उद्या शोधू नका. डॉक्टरांनी पथ्य, चालणं किंवा औषध सांगितलं असेल ते जसंच्या तसं चालू ठेवा.

चौदा दिवसांत बारा खुणा झाल्या आणि वाट्या काढताना 'आता काढायच्या आहेत' असं आठवावं लागलं नाही, की पोह्यांकडे वळू. तोवर एकच गोष्ट. पहिला डबा किती दिवस पुरला, तो आकडा इथेच खाली लिहा. घरात माणसं किती तेही लिहा, म्हणजे चमच्यांचा हिशेब बसवून देतो.