सहाशे सिगारेटी आणि एक किलो भाजलेले मटण

“कोळशावर भाजलेले एक किलो मटण म्हणजे ६०० सिगारेटी! दोष कोळशाचा आहे, गॅसवर भाजले की काही होत नाही. भरताचे वांगे, कणीस, हुरडा हेही तितकेच घातक. भाजायचेच असेल तर चिकन-मटणाला लिंबू, दही, हळद लावून ठेवा, विष मरते. काळे झालेले खरवडून टाका. सर्वांना पाठवा.”

फोनवर फिरणाऱ्या या संदेशातला सहाशेचा आकडा कोणीतरी हवेतून काढला असावा, असे वाटते. पण तसे नाही. १९६४ साली शिकागोतील विल्यम लिजिन्स्की आणि फिलिप शुबिक या दोन संशोधकांनी कोळशावर भाजलेल्या गोमांसाच्या कापांची तपासणी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांना दर किलोमागे सरासरी सुमारे ८ मायक्रोग्रॅम बेन्झोपायरीन आढळले. हे संयुग लाकूड, तंबाखू, चरबी यांसारखे सेंद्रिय पदार्थ अर्धवट जळाले की तयार होते, आणि ते माणसात कर्करोग घडवते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. ८ मायक्रोग्रॅमला सहाशेने भागले की सुमारे १३ नॅनोग्रॅम येतात, आणि एका सिगारेटच्या धुरातून ओढल्या जाणाऱ्या बेन्झोपायरीनचे प्रमाण साधारण तेवढेच असते. म्हणजे भागाकार बरोबर आहे. चुकला आहे तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

तो निष्कर्ष खरा मानला तर काय होईल ते पाहू. एक माणूस एका वेळी किलोभर मटण खात नाही. २०० ग्रॅम धरले तर त्याच हिशेबाने १२० सिगारेटी होतात. दर रविवारी इतके भाजलेले मांस खाणारा माणूस रोज सतरा सिगारेटी ओढणाऱ्याच्या बरोबरीचा ठरतो. प्रत्यक्षात धूम्रपानामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका पंधरा ते तीस पटींनी वाढतो, तर याच संस्थेने २०१५ साली तांबड्या मांसाचा जो आढावा घेतला त्यात रोज १०० ग्रॅम मांसामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो असे दिसले, आणि तेही मांस हेच कारण असल्याचे सिद्ध झाले तर. पंधरा पट आणि सतरा टक्के यांत जे अंतर आहे तेच या तुलनेत गळाले आहे. सिगारेटच्या धुरात बेन्झोपायरीन एकटे नसते. तंबाखूची स्वतःची नायट्रोसामाइने आणि इतर कितीतरी कर्करोगकारक द्रव्ये त्याच्यासोबत थेट फुप्फुसात जातात. एकच घटक दोन्हीकडे मोजून दोन गोष्टी समान ठरवणे म्हणजे समुद्र आणि लोणचे दोन्ही खारट म्हणून सारखेच म्हणण्यासारखे आहे. बेन्झोपायरीन आणि तंबाखू या संस्थेच्या यादीत एकाच पहिल्या गटात, म्हणजे माणसात नक्की कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात, असल्याचा दाखलाही अशा वेळी हमखास दिला जातो. परंतु तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही.

याचा अर्थ काळजीचे कारणच नाही असा मात्र होत नाही. युरोपीय संघाने विक्रीस ठेवलेल्या भाजलेल्या मांसासाठी बेन्झोपायरीनची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आणि १९६४ ची सरासरी तिच्याहून जास्त होती. प्रमाण कमी करता येते, म्हणून ते करावे.

आता कोळसा आणि गॅस. येथे दोन वेगळ्या घटना एकत्र केल्या जातात. पहिली धुराची. मांसातील चरबी वितळून तापलेल्या निखाऱ्यावर पडते, जळते, आणि तिच्या धुरातील बेन्झोपायरीन व त्याच्या कुळातील संयुगे वर उठून जाळीवरच्या मांसावर बसतात. म्हणजे त्यांचा उगम मुख्यतः खाली पडलेल्या चरबीत असतो. चांगला पेटलेला कोळसा स्वतः फारसा धूर करत नाही, कारण लाकडातील धूर होणारा भाग कोळसा बनवतानाच निघून गेलेला असतो. ओले लाकूड किंवा अर्धवट पेटलेला कोळसा मात्र भरपूर धूर करतो. गॅसच्या ज्वाळेवर तंगडी धरली आणि चरबी बर्नरच्या तापलेल्या भागावर पडू दिली, तर तोच धूर तेथेही होतो. याच न्यायाने, दाल किंवा बिर्याणीच्या भांड्यात पेटता कोळसा ठेवून त्यावर तूप सोडायचे आणि झाकण लावायचे, तो धुंगारही चरबी निखाऱ्यावर टाकण्याचाच छोटा प्रयोग आहे. तो प्रयोग मिनिटभराचाच असावा, एवढे म्हणून पुढे जाऊ.

दुसरी घटना धुराशिवाय घडते. १९७० च्या दशकात तोक्योच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात ताकाशी सुगिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या मासळीचा करपलेला पृष्ठभाग तपासला, तेव्हा त्यात जिवाणूंच्या जनुकांत बदल घडवण्याची जी क्षमता दिसली, तिचा हिशेब एकट्या बेन्झोपायरीनने लागत नव्हता. त्यातून हेटेरोसायक्लिक अमाइने हा नवा गट सापडला. स्नायूंमध्ये क्रिएटिन असते. ते, अमिनो आम्ले आणि थोडी साखर एकत्र तापली की ही संयुगे तयार होतात. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांची निर्मिती लक्षणीय होते आणि २०० अंशांनंतर ती झपाट्याने वाढते. त्यासाठी कोळसा लागत नाही. कडक तापलेला बिडाचा तवा पुरतो. प्राण्यांवरील प्रयोगांत या संयुगांनी कर्करोग घडवला, पण तेथे दिलेल्या मात्रा आपल्या ताटातल्या मात्रांच्या कितीतरी पट होत्या, आणि स्वयंपाकाच्या पद्धतीचा माणसांतील परिणाम स्वतंत्रपणे ठरवण्याइतका पुरावा २०१५ च्या आढाव्यालाही पुरेसा वाटला नाही. एवढे खरे की इंधन बदलल्याने ही दुसरी घटना थांबत नाही. उष्णता आणि वेळ बदलल्याने थांबते.

हे दोन धागे हाती आले की भाज्यांचा प्रश्न सोपा होतो. वांग्यात, कणसात, ज्वारीच्या हुरड्यात क्रिएटिन नाही, त्यामुळे दुसरी घटना घडतच नाही. आणि टपकायला चरबी नाही, त्यामुळे पहिलीही जवळपास थांबते. उरतो तो इंधनाचा धूर. खानदेशात भरताचे वांगे कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, तेव्हा काजळी सालीवर बसते, आणि ती साल आपण काढून टाकतो. सालीचे तुकडे गरात राहू न देणे एवढेच तेथे करायचे आहे. कणसाचे मात्र उलटे आहे, कारण तेथे दाणा उघडा असतो. जाळ निवून निखारे उरले की ते ठेवावे आणि फिरवत राहावे. मटणाशी या पदार्थांची बरोबरी करणे चूक आहे.

लिंबू, दही, हळद यांविषयीचा दावा अर्धा खरा आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या गटाने १९९७ साली कोंबडीच्या तुकड्यांना सिरका, लिंबू, लसूण, मोहरी, तेल आणि साखर यांचे मिश्रण लावून ते भाजले, तेव्हा एका महत्त्वाच्या हेटेरोसायक्लिक अमाइनचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. परंतु तुकडे जास्त वेळ भाजले तेव्हा त्याच गटातील दुसऱ्या एका संयुगाचे प्रमाण वाढले. तेव्हा मुरवणे उपयोगी आहे, पण ते जास्त वेळ भाजण्याची मुभा देत नाही. शिवाय ते धुरातल्या संयुगांना वर बसण्यापासून अडवत नाही. मिश्रणात साखर किंवा मध असेल तर ते अगदी शेवटी लावावे, नाहीतर आधी तेच करपते.

काळा भाग खरवडणे हा त्यातल्या त्यात रास्त सल्ला आहे, कारण सर्वांत जास्त तापलेला आणि धुराला उघडा पडलेला भाग तोच. तरीही संयुगे फक्त काळ्या रंगात नसतात. तांबूस-तपकिरी कवचातही ती असतात. म्हणून खरवडण्यापेक्षा मुळात काळे होऊ न देणे जास्त उपयोगी.

एक किलो कोंबडीच्या तंगड्या घरच्या शेगडीवर कशा भाजाव्यात, ते पाहू. आधी कातडी आणि तिच्याखालची पिवळी चरबी काढावी. टपकणाऱ्या चरबीचा मोठा वाटा येथेच संपतो. नंतर मीठ-हळद आणि थोडे पाणी घालून तंगड्या झाकण ठेवून मंद आचेवर शिजेपर्यंत वाफवाव्यात. पाण्याजवळचे तापमान १०० अंशांच्या आसपास राहत असल्याने येथे हेटेरोसायक्लिक अमाइने होत नाहीत, आणि क्रिएटिनचा बराच भाग रसात उतरतो. अशाच कारणाने मांसाच्या खिम्याच्या टिकिया आधी दोन-तीन मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये ठेवून सुटलेला रस काढून टाकला, तेव्हा अमेरिकेतल्या प्रयोगांत या संयुगांचे प्रमाण सुमारे नऊ दशांशांनी घटले होते. हा रस रश्शात घालावा, तो वाया जायचे कारण नाही. मात्र भाजताना तंगड्यांवर शिंपडू नये. शिजलेल्या तंगड्यांना दही-लसणाचे वाटण लावून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे.

कोळसा पेटवून किमान वीस मिनिटे वाट पाहावी. निखाऱ्यांवर राखेची करडी साय आली आणि धूर थांबला, की ते शेगडीच्या दोन्ही कडांना सरकवावेत आणि मध्ये थोडे पाणी घातलेले पसरट भांडे ठेवावे. तंगड्या त्या भांड्याच्या वर येतील अशा मांडाव्यात, म्हणजे जे टपकेल ते निखाऱ्यावर न पडता पाण्यात पडेल. कोरियातील एका अभ्यासात टपकणारी चरबी बाजूला केल्यावर धुरातील संयुगे जवळपास निम्म्यापासून नऊ दशांशांपर्यंत घटली होती, त्यामुळे या मांडणीचा फायदा वाटतो त्याहून मोठा आहे. आच मोजण्यासाठी तळहात जाळीच्या वर वीतभर धरावा; पाच-सहा सेकंद सहन झाला तर मध्यम आच समजावी. मांस आधीच शिजलेले असल्याने फक्त रंग आणि सुवास येऊ द्यायचा आहे, म्हणून दर मिनिटाला चिमट्याने उलटवत सहा ते आठ मिनिटे पुरतात.

या पद्धतीत थोडी चव जाते, हे लपवण्यात अर्थ नाही. भट्टीच्या तंदुरीत जो धुरकट वास येतो, त्यात जळलेल्या चरबीचा हातभार असतोच. बांगड्यासारख्या तेलकट माशाला केळीच्या पानात गुंडाळले, तर तेल पानात राहते आणि धूर बाहेर. आणि भाजताना मध्येच ‘चर्र’ आवाज येऊन पिवळी ज्वाळा उसळली, तर चरबी निखाऱ्यावर पडत आहे असे समजावे; पाणी शिंपडून राख उडवण्यापेक्षा तुकडा उचलून बाजूला धरावा आणि ज्वाळा बसल्यावरच परत ठेवावा.